सोसायटीतली मांजरं आणि समितीला द्यायचा अर्ज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या गावांत आता अपार्टमेंट आणि कॉलन्या वाढल्या आहेत. प्रत्येक इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, गच्चीवरच्या टाकीशेजारी मांजरं राहतात. कुणीतरी त्यांना खायला घालतं, कुणाला ते खपत नाही, आणि विषय समितीच्या बैठकीत येतो. मग खायला घालणारी व्यक्ती अर्ज लिहिते : ‘मांजरांना अन्न देण्याची परवानगी मिळावी.’ समिती त्याचा अर्थ ‘आणखी मांजरं’ असा घेते आणि अर्ज फेटाळते.

त्या अर्जात एकच गोष्ट मागितलेली असते, तिथेच तो फसतो. खायला घालणं आणि नसबंदी या दोन गोष्टी एकमेकींशिवाय निकामी आहेत. नुसतं खायला घातलं तर मांजरं वाढतात. खायला न घालता नसबंदी करायची म्हटलं तर मांजर हाती लागत नाही. म्हणून अर्जात दोन्हींचा एकत्र आराखडा हवा. तो आराखडा समितीला पटण्याआड जे गैरसमज येतात ते आधी पाहू, मग प्रत्यक्ष अर्ज.

गैरसमज : खायला देणं बंद केलं की मांजरं निघून जातात.

वस्तुस्थिती : मांजर एखाद्या जागी फक्त वाटीतल्या अन्नासाठी राहत नाही. उंदीर, कचऱ्याच्या पिशव्या, पारवे, आडोसा आणि पाणी यांच्यासाठीही राहतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गार पार्किंग आणि टाकीखालची ओल हेच त्याचं घर असतं. अन्न बंद केलं तर ते कचरा फाडतं, उघड्या खिडकीतून स्वयंपाकघरात शिरतं. काही मांजरं मेली किंवा हटवली तरी मोकळ्या जागी आजूबाजूची नवी मांजरं येतात, आणि त्यांची नसबंदी झालेली नसते.

समितीची भीती मात्र निम्मी खरी आहे, आणि अर्जदारानं ती मान्य करायला हवी. मांजरी चार ते सहा महिन्यांची असतानाच माजावर येते. मीलन झालं की त्यामुळेच तिचं बीज सुटतं, त्यामुळे मीलन सहसा वाया जात नाही. साधारण ६३ ते ६५ दिवसांत ती विते, एका वेळी तीन ते पाच पिल्लं होतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन-तीन वेळा विणं ही नेहमीची गोष्ट आहे. नियमित अन्न मिळालं तर ती अधिक सुदृढ राहते आणि तिची पिल्लंही अधिक जगतात. म्हणून नसबंदीशिवाय खायला घालत राहणं हे भूतदयेचं अर्धवट काम आहे.

गैरसमज : नसबंदी म्हणजे मांजरीच्या मातृत्वावर अन्याय. निदान एकदा तरी तिला विऊ द्यावं.

वस्तुस्थिती : एकदा विण्यानं मांजरीच्या आरोग्याला काही फायदा होतो, याला पशुवैद्यकशास्त्रात आधार नाही. उलट पहिला माज येण्याआधी किंवा लवकर शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो. अन्याय कुठे होतो ते पिल्लांकडे पाहिल्यावर कळतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मोकाट मांजरांच्या पिल्लांवर नजर ठेवून झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्लं सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. गाड्यांखाली, कुत्र्यांच्या तोंडी, आजारानं जाणारी ही पिल्लं आपल्या पार्किंगमध्येही आपण पाहतो. जन्म थांबवणं म्हणजे हे मरण थांबवणं.

बोक्याच्या नसबंदीचा फायदा सोसायटीला लगेच जाणवतो. जागोजागी मुतून हद्द आखणं, त्या मुताचा उग्र वास, रात्रीच्या किंचाळ्या आणि मारामाऱ्या बहुतेक बोक्यांत खूप कमी होतात. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्याच्या शरीरात जुने शुक्राणू शिल्लक राहतात आणि तेवढ्या काळात तो मांजरीला गाभण करू शकतो. आणि एकच सुटलेला बोका सगळ्या मांजरींना पुरतो. पैसे आणि वेळ कमी असेल तर आधी मांजरी, मग बोके, हा क्रम धरावा.

गैरसमज : समितीनं ठराव केला की खायला घालण्यावर सरसकट बंदी येते. किंवा याच्या उलट : कायदा माझ्या बाजूनं आहे, मला कुणाला विचारायची गरज नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्मनियंत्रण नियम लागू केले. त्यातल्या विसाव्या नियमानुसार, आवारात राहणाऱ्या ‘समुदायातल्या प्राण्यां’च्या अन्नाची आवश्यक ती व्यवस्था करणं ही रहिवासी संघटना, अपार्टमेंटधारकांची संघटना किंवा स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी यांची जबाबदारी आहे. समुदायातला प्राणी म्हणजे त्या वस्तीत जन्मलेला, कुणीही मालकी न सांगितलेला प्राणी. वन्यजीव त्यात येत नाहीत. या व्याख्येत फक्त कुत्राच येतो असं म्हटलेलं नाही. नियमांचा मोठा भाग कुत्र्यांच्या नसबंदी मोहिमेबद्दल आहे, हेही अर्जदारानं प्रामाणिकपणे ध्यानात ठेवावं.

हाच नियम खायला घालणाऱ्यावरही बंधनं घालतो. जागा सर्वांच्या संमतीनं ठरवायची. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून दूर, वर्दळ कमी असलेली हवी. वेळ ठरवताना लहान मुलं आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या ये-जा करण्याच्या वेळा टाळायच्या. खाणं झाल्यावर जागा घाण राहता कामा नये. म्हणजे ‘खायला घालू का?’ हा प्रश्न समितीपुढे नसतोच. ‘कुठे, कधी आणि कुणाच्या जबाबदारीवर?’ हा असतो.

एकमत झालंच नाही, तर त्याच नियमात प्राणी कल्याण समितीची सोय आहे. मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. पोलीस, प्राणी संस्था, तक्रारदार आणि रहिवासी संघटना यांचे प्रतिनिधी त्यात बसतात. मुंबईत कांदिवलीच्या आरएनए रॉयल पार्क सोसायटीत कुत्र्यांना खायला घालण्यावरून झालेला वाद २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. भटक्या कुत्र्यांचा द्वेष करणं किंवा त्यांना क्रूरपणे वागवणं सुसंस्कृत समाजाला मान्य होऊ शकत नाही, असं न्यायालयानं त्या वेळी म्हटलं आणि नव्या नियमांकडे लक्ष वेधलं. ते प्रकरण कुत्र्यांचं होतं, पण समितीनं आणि रहिवाशांनी वागायचं कसं ही त्यातली दिशा मांजरांनाही लागू पडते.

गैरसमज : पोत्यात घालून गावाबाहेर सोडून आलं की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : मांजर आपल्या हद्दीला घट्ट धरून राहतं. अनोळखी माळावर सोडलेलं मांजर परत यायला निघतं आणि वाटेत मरतं, किंवा भुकेनं मरतं. प्राण्याला भूक-तहान सोसावी लागेल अशा स्थितीत योग्य कारणाशिवाय सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. विष घालणं त्याहून गंभीर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणं, विष देणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. नसबंदी झालेलं मांजरही जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, यामागेही हद्दीचंच कारण आहे.

गैरसमज : मांजरांमुळे दमा होतो, गर्भवतीला धोका असतो, रेबीज पसरतो.

वस्तुस्थिती : या तिन्ही गोष्टींत थोडं तथ्य आहे, आणि ते तेवढंच मांडावं. ज्यांना मांजरांची ॲलर्जी आहे त्यांचा दमा मांजराच्या सहवासात बळावू शकतो. त्याला कारण केस पोटात जाणं नाही. मांजराच्या लाळेतलं आणि त्वचेतलं एक प्रथिन श्वासावाटे जातं, त्यानं तो बळावतो. पार्किंगच्या कोपऱ्यात उघड्यावर असलेल्या मांजराचा त्रास घरात पाळलेल्या मांजराइतका होत नाही.

गर्भवतीच्या बाबतीत भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. मांजराला तो पहिल्यांदा लागतो तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका बराच टळतो. ते काम गर्भवतीनं करू नये. अर्धकच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि मातीत काम केलेले हात यांतूनही हाच परजीवी येतो.

रेबीज मांजराकडून होऊ शकतो. मात्र माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून येतो. मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय यांसारख्या सरकारी रुग्णालयात जावं. हळद-मिरची लावू नये. नसबंदीच्या वेळीच मांजराला रेबीजची लस टोचून घेतली आणि दर वर्षी ती पुन्हा देण्याचा प्रयत्न ठेवला, तर सोसायटीतलं लसवंत मांजर हे बाहेरून येणाऱ्या अनोळखी मांजरापेक्षा सुरक्षित असतं.

गैरसमज : दूध-पोळी दिली की मांजराचं पोट भरतं.

वस्तुस्थिती : मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन हे घटकद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, आणि ते मांस-मासळीत असतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. मोठ्या मांजराला दूध सहसा पचत नाही, जुलाब होतात, आणि मग ‘मांजरं घाण करतात’ ही तक्रार येते. साडेतीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. शाकाहारी शेजाऱ्यांच्या सोसायटीत सुकटीचा वास नको असेल, तर हे बंद पाकिटातलं कोरडं खाद्य वादाचं कारण उरू देत नाही. सोबत पाण्याचं पसरट भांडं हवंच. अन्न अर्ध्या तासात उचलावं, म्हणजे मुंग्या, झुरळं आणि बाहेरची कुत्री येत नाहीत.

गैरसमज : नसबंदी नगरपालिकेनं करायची असते, किंवा कुठल्याही जनावरांच्या दवाखान्यात होते.

वस्तुस्थिती : मुंबई महापालिकेनं २०१९ मध्ये मांजरांच्या नसबंदीची मोहीम हाती घेतली. तशी सोय प्रत्येक नगरपालिकेकडे असेल असं धरून चालू नये. अर्ज देण्याआधीच शस्त्रक्रिया कोण करणार हे ठरवा. ग्रामीण भागातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या आणि बैल यांच्यासाठी चालतात. शस्त्रक्रिया नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्यकानंच करायची असते. पशुधन विकास अधिकारी पदवीधर असतात, पशुधन पर्यवेक्षकांकडे पदविका असते. हा फरक विचारून घ्यावा. भूल मांजराला देण्याचा सराव आहे का, हेही स्पष्ट विचारावं. गावात सोय नसेल तर जिल्ह्याच्या शेजारी परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

पकडण्यासाठी जाळीचा सापळा लागतो. मांजर आत शिरून फळीवर पाय ठेवतं आणि दार पडतं. आधी आठवडाभर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खायला घालायचं, मग अन्न उघड्या सापळ्यात ठेवायचं. आदल्या रात्री अन्न बंद. मोठ्या मांजरासाठी साधारण सहा ते आठ तासांचा उपास पुरतो, पिल्लांसाठी त्याहून कमी, आणि नेमकं डॉक्टर सांगतील तसं. मांजर अडकलं की सापळ्यावर लगेच चादर टाकावी, अंधारात ते शांत होतं. सापळा उन्हात किंवा नजरेआड कधीच सोडू नये.

मांजरीची आचळं पाहावीत. ती सुजलेली आणि आजूबाजूचे केस चोखून झडलेले दिसले, तर कुठेतरी पिल्लं आहेत. पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची होऊन खायला लागेपर्यंत थांबावं. थंडीत माजाचं प्रमाण कमी असतं आणि उन्हाचा ताणही नसतो, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सोयीचा.

भूल असतानाच डाव्या कानाचं टोक सुमारे एक सेंटिमीटर सरळ कापतात. ही जगभर चालणारी खूण आहे. तिच्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडून पुन्हा पोट उघडण्याची वेळ येत नाही. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला साधारण एक दिवस आणि मांजरीला दोन-तीन दिवस बंद, कोरड्या जागेत ठेवून मग सोडावं. टाका सुजणं, रक्त किंवा पू येणं, एक दिवस उलटूनही न खाणं ही डॉक्टरकडे परत नेण्याची लक्षणं. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही आणि एक गोळीही जीव घेते.

आता अर्ज

समजा, बीडमधलं २४ फ्लॅटचं अपार्टमेंट आहे आणि आवारात सात मांजरं आहेत : चार मांजरी, दोन बोके आणि एक चार महिन्यांचं पिल्लू. अर्ज असा होईल.

प्रति,
मा. सचिव, व्यवस्थापन समिती

विषय : आवारातील मांजरांची नसबंदी, लसीकरण आणि ठरावीक जागी अन्न याबाबत सहकार्य मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या आवारात सध्या सात मांजरं आहेत. त्यांची छायाचित्रांसह यादी सोबत जोडली आहे. त्यांची संख्या वाढू नये, यासाठी पुढील आराखडा समितीपुढे ठेवत आहे.

१. सर्व मांजरांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पूर्ण करू. आधी मांजरी, मग बोके. पिल्लाबाबत वजन पाहून डॉक्टर ठरवतील. शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यक करतील. त्यांचं संमतीपत्र सोबत आहे.

२. अन्न फक्त मागच्या भिंतीलगत, मीटरच्या खोलीपलीकडच्या कोपऱ्यात, सकाळी साडेसहाला आणि रात्री साडेनऊला दिलं जाईल. अर्ध्या तासात भांडी उचलली जातील. समितीला दुसरी जागा किंवा वेळ योग्य वाटल्यास ती आम्हाला मान्य आहे.

३. त्या कोपऱ्यात वाळूचा ट्रे ठेवू आणि तो रोज साफ करू.

४. खर्च सोसायटीच्या निधीतून मागत नाही. तो खाली सही केलेले सदस्य करतील.

५. समितीकडून तीन गोष्टींची विनंती आहे : सापळा लावण्याच्या दिवशी रखवालदाराला सूचना, शस्त्रक्रियेनंतर तीन दिवस रिकाम्या स्टोअररूमचा वापर, आणि इतरत्र उघडं अन्न न टाकण्याबाबत सूचनाफलकावर निवेदन.

६. दर तीन महिन्यांनी किती मांजरं आहेत, कितींच्या कानाला खूण आहे आणि नवीन किती आली, याचा लेखी अहवाल देऊ. तक्रार आल्यास खाली सही करणारे सदस्य २४ तासांत दखल घेतील.

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मधील नियम २० ची प्रत माहितीसाठी जोडली आहे. हा विषय पुढील बैठकीत घ्यावा, ही विनंती.

आपले नम्र,
(सदस्यांची नावं, फ्लॅट क्रमांक, सह्या)

या अर्जात कायदा शेवटी आला आहे, तो जाणूनबुजून. पहिल्या ओळीतच कलमं आली तर समितीला ती धमकी वाटते. सह्या एकट्याच्या नकोत, दोन-तीन घरांच्या असाव्यात, कारण एक कुटुंब गावाला गेलं तरी काम थांबता कामा नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. इमारत १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असो की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची संघटना असो, अर्जाचा मजकूर तोच राहतो. दोन्हीपैकी काही नसलेल्या प्लॉटच्या कॉलनीत तो नगरपरिषदेला द्यावा.

पहिल्या तिमाहीच्या अहवालात सातपैकी सहा मांजरांच्या कानाला खूण दिसली, तरी काम संपलं असं समजू नये. राहिलेली एक मांजरी वर्षभरात दहा-बारा पिल्लांना जन्म देऊ शकते. मोकाट मांजरांची संख्या खरोखर उतरायला कळपातल्या बहुतेक मांजरांची, साधारण चारपैकी तिघांहून अधिक जणांची, नसबंदी झालेली असावी लागते. लहान आवारात तर प्रत्येकाची. खूण नसलेलं नवीन मांजर दिसलं की त्याच महिन्यात त्याला सापळ्यापर्यंत आणणं, हा या आराखड्याचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग आहे.

समितीच्या सदस्यांना एवढीच विनंती : असा अर्ज आला तर तो ‘मांजरवाल्यां’चा अर्ज समजून बाजूला ठेवू नका. मांजरांची संख्या कमी करण्याचा तो सर्वांत स्वस्त आणि कायदेशीर मार्ग आहे. आणि अर्ज लिहिणाऱ्यांनो, खाद्याचं पाकीट विकत घेण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्या.